पुस्तकासाठी क्राउडफंडिंग: टार्गेट किती ठेवायचं, आणि ते हुकलं तर काय

चार वर्षांपूर्वी मी गोदाघाटाच्या चित्रांसाठी एक छोटी क्राउडफंडिंग मोहीम केली होती. दीड लाख मागितले, एक लाख बासष्ट हजार जमले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पुढचे पाच महिने मी पैशांच्या बदल्यात कबूल केलेल्या भेटी पाठवत होते आणि शेवटचं पार्सल गेलं तेव्हा माझ्या बचतीतले ३१ हजार रुपये संपलेले होते. टार्गेट पूर्ण झालं, म्हणूनच ते गेले. हुकलं असतं तर लोकांचे पैसे परत गेले असते आणि माझं नुकसान व्हिडिओच्या खर्चापुरतं राहिलं असतं.

म्हणून या लेखात मोहिमेचा प्रचार कसा करावा याबद्दल काही नाही. फक्त हिशोब आहे, आणि तो एकाच उदाहरणावरून केलेला आहे: जुन्या नाशिकातल्या वाड्यांच्या रेखाटनांचं पुस्तक, जे मी आणि माझ्या एका आर्किटेक्ट मैत्रिणीने नंतर केलं. आकडे आम्हाला मिळालेल्या दरांचे आहेत. तुमचे दर वेगळे येतील, मांडणी मात्र हीच ठेवा.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत आपण वर्षानुवर्षं पुस्तकं घेत आलो आहोत: पैसे आधी भरायचे, पुस्तक छापून झालं की घरी येतं. क्राउडफंडिंगमध्ये फरक एवढाच, की मध्ये एक प्लॅटफॉर्म असतो, त्याची फी असते, एक जाहीर टार्गेट असतं आणि एक शेवटची तारीख. पैसे देणाऱ्यांना मी वर्गणीदारच म्हणते.

पायरी १: जो खर्च वर्गणीदार वाढले तरी बदलत नाही, तो आधी लिहा

बहुतेक जण इथे छपाईचा दर प्रतीवर मांडतात. ‘एक प्रत ३८० रुपयांना पडते’ असं म्हणतात आणि दोनशे वर्गणीदार आले तर छपाईला ७६ हजार लागतील असं धरतात. ऑफसेट छपाईत असं होत नाही. प्लेट बनवणं, मशीन लावणं, रंग जुळवणं हा खर्च दोनशे प्रतींना जेवढा तेवढाच पाचशे प्रतींना. आमच्या प्रेसने पाचशेच्या खाली ऑफसेट परवडणार नाही असं सरळ सांगितलं. पाचशे प्रतींचे १,९०,००० रुपये. वर्गणीदार दीडशे येवोत की चारशे, हा आकडा तोच राहणार होता. म्हणून छपाई पूर्णच्या पूर्ण ‘न बदलणाऱ्या’ खर्चात टाकायची.

आमची यादी अशी झाली. पक्क्या बांधणीच्या १४४ पानी पुस्तकाच्या पाचशे प्रतींची छपाई, कर धरून, १,९०,०००. रेखाटनं स्कॅन करणं आणि मांडणी ४०,०००. मुद्रितशोधन १०,०००. मोहिमेचा व्हिडिओ आणि एक नमुना प्रत १८,०००. फाटलेली, परत आलेली, हरवलेली पार्सलं पुन्हा पाठवण्यासाठी राखीव १२,०००. बेरीज २,७०,०००.

या यादीबद्दल तीन गोष्टी. कोटेशन घेताना जीएसटी धरून की वगळून हे कागदावर लिहून घ्या. छापील पुस्तक विकताना त्यावर जीएसटी लागत नाही, पण प्रेसच्या बिलात कर असू शकतो आणि तो तुम्हाला कुठूनही वळता करून मिळत नाही. दुसरं, आयएसबीएन भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ते त्याच्या मधल्या कामाचे आहेत. तिसरं, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. चार प्रती बाजूला ठेवा.

व्हिडिओचे १८ हजार मोहीम सुरू व्हायच्या आधीच जातात. ते वेगळ्या रंगात लिहा. टार्गेट हुकलं तर परत न येणारी रक्कम तीच असते.

पायरी २: शंभरातले हातात किती येतात

प्लॅटफॉर्मच्या पानावर फी टक्क्यांत दिलेली असते, आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘अधिक कर’. आम्ही निवडलेल्या ठिकाणी प्लॅटफॉर्मची फी ८ टक्के आणि पेमेंट गेटवेची २ टक्के होती. दोन्ही सेवा असल्यामुळे त्यांवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १० टक्क्यांवर १.८ टक्के, एकूण ११.८. शंभर रुपयांतले ८८ रुपये २० पैसे खात्यात येतात. ही फी तुमच्या नफ्यावर लागत नाही, जमलेल्या पूर्ण रकमेवर लागते. पोस्टेजसाठी घेतलेल्या पैशांवरही लागते. कुरियरचे ८५ रुपये वर्गणीत धरले असतील तर त्यातले दहा रुपये कुरियरवाल्यापर्यंत पोचतच नाहीत.

किकस्टार्टरबद्दल अनेक जण विचारतात. तिथे ५ टक्के फी आणि पेमेंट प्रक्रियेचा खर्च वेगळा अशी रचना आहे, पण मोहीम उभी करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. परदेशातल्या नातेवाइकाच्या नावाने मोहीम चालवायची म्हटली तर पैसे त्याच्या खात्यात येतात, कराची जबाबदारी त्याच्यावर पडते. एका पुस्तकासाठी भाच्याला त्या भानगडीत पाडू नये.

भारतातल्या प्लॅटफॉर्मशी करार करण्याआधी मी चार प्रश्न लेखी विचारते. नोंदणीची रक्कम आहे का आणि ती परत मिळते का? फी जमलेल्या रकमेवर की टार्गेट पूर्ण झाल्यावरच? पैसे परत करायची वेळ आली तर गेटवेची फी कोण सोसणार? आणि मोहीम संपल्यापासून किती दिवसांत पैसे खात्यात येतात? चौथ्याचं उत्तर मोघम आलं तर मी तिथे जात नाही.

आणखी एक सीमारेषा. वर्गणीच्या बदल्यात वस्तू किंवा अनुभव द्या; ‘विक्रीतल्या नफ्याचा हिस्सा देऊ’ असं कुठेही लिहू नका. तसं लिहिलंत की ती गुंतवणूक ठरते. लोकांकडून इंटरनेटवर भागभांडवल गोळा करायला आपल्याकडे परवानगी नाही. सेबीने २०१४ साली त्यावर चर्चापत्र काढलं होतं, पण त्यातून तशी मुभा आली नाही.

पायरी ३: प्रत्येक भेटीचा स्वतंत्र हिशोब

माझ्या पहिल्या मोहिमेत पैसे गेले ते इथे. अडीच हजारांच्या वर्गणीला मी काचेच्या फ्रेममधलं चित्र ठेवलं होतं. अठरा जणांनी घेतलं आणि मला फार आनंद झाला. फ्रेम ६५०, चित्राची प्रिंट १२०, थर्माकोल आणि जाड खोका २८०. कुरियरच्या काउंटरवर खोका ठेवला, काट्यावर १ किलो ६०० ग्रॅम आलं. मी दोन किलोचे पैसे काढले. काउंटरवरच्या दादांनी टेप लावली: ५० बाय ४० बाय १० सेंटीमीटर. गुणाकार केला, पाच हजाराने भागलं आणि म्हणाले, “ताई, हे चार किलो धरणार.” हलक्या पण मोठ्या खोक्याला कुरियर असं आकारमानाचं वजन लावतं, आणि दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे घेतं. एका पार्सलचे ४२० रुपये झाले.

म्हणजे एका फ्रेमला १,४७० खर्च. अडीच हजारांतून फी गेल्यावर २,२०५ आले होते, तेव्हा हातात ७३५. मग पाच जणांकडे काच फुटून पोचली आणि ती मी नव्याने पाठवली. त्यांचे ७,३५० वजा केले तर अठरा वर्गणीदारांमागे सरासरी ३२७ रुपये उरले. यापेक्षा साधं पुस्तक घेणारा नऊशेचा वर्गणीदार दुप्पट उपयोगी ठरला असता.

तेव्हापासून माझा नियम आहे: भेटीची यादी जाहीर करण्याआधी प्रत्येक भेट एकदा खरोखर पॅक करायची, काउंटरवर न्यायची आणि वजन व माप करून दर विचारून यायचं. पुस्तक नसेल तर तेवढ्याच आकाराची आणि वजनाची दोन वह्यांची चळत बांधून न्या. पोस्टातही विचारा. भारतीय पोस्टाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, आणि पार्सल कुठवर पोचलं ते बघता येतं. वेळ जास्त लागतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि व्यावसायिक स्वरूपाची प्रकाशनं त्यात बसत नाहीत. त्यामुळे तुमचं पुस्तक घेतील का हे आधी विचारून घ्या. आम्ही हिशोब कुरियरच्याच दराने केला. पोस्टाने स्वीकारलं तर वाचलेले पैसे राखीवमध्ये जातील, असं ठरवलं.

वाड्यांच्या पुस्तकासाठी आम्ही चारच भेटी ठेवल्या. खर्चात छपाई पुन्हा धरलेली नाही, कारण ती पायरी १ मध्ये पूर्ण आलेली आहे.

| वर्गणी | भेट | पाठवण्याचा खर्च | फी व खर्च जाऊन उरतात |
|---|---|---|---|
| ३०० | पुस्तकात नाव | ० | २६५ |
| ९०० | पुस्तक | १२० | ६७४ |
| १,५०० | पुस्तक आणि सहा पोस्टकार्डं | २२० | १,१०३ |
| ४,००० | पुस्तक आणि वाड्यांची रविवारची फेरी | ३७० | ३,१५८ |

चौथ्या भेटीकडे नीट बघा. जुन्या तांबट आळीपासून सराफ बाजारापर्यंत तीन तास चालायचं, दोन वाड्यांच्या चौकात बसून मैत्रिणीने लाकडी खांब आणि तुळयांची जोडणी समजावून सांगायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिसळ खायची. मिसळ, चहा आणि रिक्षा मिळून माणशी अडीचशे. यात काही फुटत नाही, काही कुरियरने जात नाही, आणि वर्गणीदाराला ते फ्रेमपेक्षा जास्त लक्षात राहतं. मर्यादा आमच्या रविवारांची: एका फेरीत बारापेक्षा जास्त माणसं अरुंद गल्लीत नेता येत नाहीत. तारखांचंही भान ठेवा. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत पंचवटी आणि जुन्या नाशिकात अशी फेरी कबूल करू नका.

गावातल्या वर्गणीदारांसाठी ‘स्वतः घेऊन जाईन’ असा पर्याय ठेवा आणि दोन रविवार जाहीर करा. आम्ही सकाळी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, भेटायचं ठरवलं होतं. प्रत्येकामागे कुरियरचे ८५ रुपये वाचतात. ही बचत टार्गेटच्या हिशोबात मात्र धरू नका, कारण येतो म्हणणारे सगळे येत नाहीत. परदेशी पत्ते आम्ही घेतलेच नाहीत, कारण पुस्तक पाठवायला पुस्तकापेक्षा जास्त लागत होते. तिकडच्या लोकांनी आई-वडिलांचा इथला पत्ता दिला.

पायरी ४: टार्गेट उलट्या बाजूने काढा

आता शंभर वर्गणीदार आले असं समजा. माझ्या आधीच्या अनुभवावरून आम्ही वाटणी धरली: १५ जण तीनशेचे, ६० नऊशेचे, २० दीड हजारांचे, ५ चार हजारांचे. त्यांच्याकडून एकूण १,०८,५०० जमतात, म्हणजे सरासरी १,०८५. फी आणि पाठवण्याचा खर्च जाऊन त्यांतले सुमारे ८२,२५० उरतात, म्हणजे वर्गणीदारामागे ८२२.

न बदलणारा खर्च २,७०,०००. त्याला ८२२ ने भागलं की ३२९ वर्गणीदार येतात. आणि ३२९ गुणिले १,०८५ म्हणजे ३,५६,९६५. आम्ही टार्गेट ३,६०,००० ठेवलं. शीटमध्ये हे असं लिहा, म्हणजे दर बदलला की यातला आकडा बदलून नवं टार्गेट लगेच मिळेल:

```
=ROUNDUP(270000/822,0)*1085
```

खर्च २ लाख ७० हजार आणि टार्गेट ३ लाख ६०? घरी हा आकडा सांगितला तेव्हा सासरे म्हणाले, “अगं, लोकांना एवढं मागायचं कशाला? अडीच-पावणेतीन लाख मागा, पटकन होतील.” त्यांना मी हे मांडून दाखवलं. समजा टार्गेट २,६०,००० ठेवलं आणि ते पूर्ण झालं. २४० वर्गणीदार आले. फीमध्ये सुमारे ३१ हजार गेले, भेटी पाठवण्यात ३२ हजार. उरले १,९७,०००. पुस्तकाला लागतात २,७०,०००. ७३ हजारांचा खड्डा, आणि तीनशेवाले सोडून २०४ लोक पुस्तकाची वाट बघतायत, ज्यांना आता नाही म्हणता येत नाही. पूर्ण झालेलं छोटं टार्गेट म्हणजे हेच.

एक तपासणी जरूर करा: वाटणी बिघडली तर? चार हजारांचे पाच जण आलेच नाहीत आणि ते नऊशेत गेले, तर वर्गणीदारामागे उरणारी रक्कम ८२२ वरून सुमारे ६९८ वर येते आणि ३२९ च्या जागी ३८७ वर्गणीदार लागतात. सरासरी वर्गणीही १,०८५ वरून ९३० वर येते. म्हणून ३,६०,००० जमवायलाही जवळपास तेवढेच वर्गणीदार लागतात आणि टार्गेटचा आकडा जवळपास तसाच टिकतो. म्हणजे पैशांचं गणित सांभाळलं जातं, माणसं मात्र ५८ जास्त आणावी लागतात. मोहीम चालू असताना आम्ही रोज दोनच आकडे लिहायचो: एकूण वर्गणीदार, आणि त्यांतले चार हजारांचे किती.

पायरी ५: पैसे कधी येतात आणि कधी द्यावे लागतात

मोहीम ४० दिवसांची. पैसे खात्यात यायला आणखी पंधरा दिवस. कोटेशन आम्ही मोहिमेच्या दहा दिवस आधी घेतलं होतं. प्रेसवाल्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “ताई, माझं कोटेशन पंधरा दिवसांचं असतं. कागदाचा भाव पुढे मी कसा सांगू?” त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे छपाईचा आकडा बजेटमध्ये टाकताना आम्ही त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर पाच टक्के चढवले. वरचे १,९०,००० ते धरून आहेत.

प्रेस अर्धे पैसे आगाऊ मागते, उरलेले माल उचलताना. मोहीम जुलै-ऑगस्टात संपली तर छपाई दिवाळी अंक आणि कॅलेंडरांच्या गर्दीत सापडते. त्या दिवसांत सातपूर-अंबडच्या प्रेसमध्ये नव्या गिऱ्हाइकाचं काम मागे पडणारच. आम्ही जानेवारी निवडला. पण तिथेही एक काळजी घ्यावी लागते. पैसे मार्चमध्ये खात्यात आले आणि प्रेसचं बिल एप्रिलमध्ये निघालं, तर जमा एका आर्थिक वर्षात आणि खर्च दुसऱ्यात पडू शकतो. भेटीच्या बदल्यात आलेली वर्गणी ही देणगी नसते, तो तुमचा धंद्यातला पैसा असतो. तेव्हा तारखा ठरवण्याआधी सीएकडे एकदा बसा.

पायरी ६: टार्गेट हुकलं तर

दोन पद्धती आहेत. एकीत टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे मिळतात, नाहीतर सगळ्यांचे परत. दुसरीत जेवढे जमतील तेवढे तुमचे, फी कापून. दुसरी पद्धत निर्मात्याला सुरक्षित वाटते. माझं मत उलटं आहे: ज्या कामात छपाईसारखा मोठा, न तोडता येणारा खर्च आहे, तिथे पहिलीच निवडा.

आमचंच सांगते. चाळिसाव्या दिवशी २,४१,००० वर थांबलो. २२२ वर्गणीदार. दुसऱ्या पद्धतीने गेलो असतो तर फी आणि पाठवणी जाऊन १,८२,६०० हातात आले असते, पुस्तकाला ८७ हजार कमी पडले असते, आणि १८९ लोकांना पक्क्या बांधणीचं पुस्तक देणं आमच्या डोक्यावर असतं. पहिल्या पद्धतीत गेले ते व्हिडिओ आणि नमुना प्रतीचे १८ हजार.

शेवटच्या दोन दिवसांत घरच्यांनी सुचवलं, की उरलेले आपणच भरू. ते करू नका असं मी सांगेन. अनेक प्लॅटफॉर्मच्या नियमांत स्वतःच्या मोहिमेत पैसे टाकायला मनाई असते. आणि परवानगी असली तरी आमच्या बाबतीत १,१९,००० भरावे लागले असते, त्यातले चौदा हजार तर आपलेच पैसे फिरवण्याची फी म्हणून गेले असते. तूट पंधरा-वीस हजारांची असेल आणि नात्यागोत्यातली माणसं खरोखर पुस्तक घेणार असतील, तर ती वेगळी गोष्ट.

पैसे परत जाताना वर्गणीदार घाबरतात. बँकेत पैसे दिसायला पाच ते दहा कामाचे दिवस लागू शकतात, आणि या दिवसांत तुम्ही गप्प राहिलात तर लोक फसवलं म्हणतात. मोहीम संपली त्याच रात्री आम्ही प्लॅटफॉर्मवरून सगळ्यांना हे पाठवलं:

“आपलं टार्गेट ३,६०,००० होतं, २,४१,००० जमले. नियमाप्रमाणे तुमची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आली तिथेच परत जाईल. तुम्हाला काही करायचं नाही. कुणीही फोन करून ओटीपी किंवा खाते क्रमांक मागितला तर देऊ नका, आम्ही तो मागणार नाही. पंधरा दिवसांत रक्कम दिसली नाही तर आम्हाला कळवा.”

ओटीपीचं वाक्य मुद्दाम घातलं. परताव्याच्या नावाने फसवणारे फोन येतात, आणि वर्गणीदारांत वयस्कर माणसं बरीच होती.

आमची एक चूक मात्र इथे उघड झाली. मोहीम सुरू करण्याआधी आम्ही दुसरा, छोटा हिशोब केलेला होता: कागदी बांधणी, डिजिटल छपाई, २५० प्रती. छपाई ८५,०००, मांडणी व मुद्रितशोधन ५०,०००, आधी गेलेले १८,०००, राखीव ७,०००, मिळून १,६०,०००. त्याला १९५ वर्गणीदार म्हणजे सुमारे २,१२,००० पुरले असते. आमच्याकडे २२२ होते! पण मोहिमेच्या पानावर आम्ही फक्त पक्क्या बांधणीचं पुस्तक कबूल केलं होतं आणि टार्गेट एकच ठेवलं होतं. टार्गेट २,१२,००० ठेवून ‘इतक्यात कागदी बांधणी, ३,६०,००० ला पोचलो तर सगळ्यांना पक्की बांधणी’ असं पहिल्याच दिवशी लिहिलं असतं, तर मोहीम पूर्ण झाली असती. तुमच्याकडे असा छोटा हिशोब असेल तर खालचा आकडाच टार्गेट म्हणून जाहीर करा आणि वरचा पुढचा टप्पा म्हणून. फक्त खालच्या आकड्यात प्रत्येक भेट खरोखर पोचवता येते, हे पायरी ४ प्रमाणे तपासून मगच.

पैसे सगळ्यांना परत मिळाल्याची खात्री झाल्यावर, तीन आठवड्यांनी, आम्ही शेवटच्या अपडेटमध्ये विचारलं: कागदी बांधणीचं पुस्तक, भेटी आणि किमती त्याच, थेट नोंदणी करणार का? किंमत तीच का, हेही वर दिलेल्या आकड्यांसकट लिहिलं. १६८ जण परत आले. यावेळी मध्ये प्लॅटफॉर्म नव्हता. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून सरळ खात्यात, एका वेगळ्या बचत खात्यात, आणि प्रत्येकाला क्रमांक घातलेली पावती. १,८२,००० जमले. पाठवणीला २२,६०० धरले. उरले १,५९,४००, लागत होते १,६०,०००. सहाशे रुपये राखीवमधून घेतले आणि प्रेसला आगाऊ रक्कम दिली.

पुस्तकं आली त्या रविवारी गंगेवर ४१ जण स्वतः येऊन प्रती घेऊन गेले. कुरियरचे साडेतीन हजार वाचले. त्यातून आम्ही ग्रंथालयांच्या चार प्रती पाठवल्या आणि दोन ओल्या झालेल्या पार्सलांच्या जागी नवीन प्रती दिल्या.